निबंधातला मधला परिच्छेद: माहिती बरोबर, तरी "मुद्दा कुठे आहे?" असा शेरा

रानवाटा

नमस्कार मंडळी. यूपीएससी मुख्य परीक्षेच्या निबंधाच्या पेपरची तयारी करतेय, माध्यम मराठी. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. प्रस्तावना आणि शेवट आता बऱ्यापैकी जमतात, मधले परिच्छेद मात्र सपाट होतात.

सरावाला विषय होता "दुष्काळ निसर्ग आणतो, उपासमार माणूस आणतो". प्रस्तावनेच्या शेवटी मी मध्यवर्ती मुद्दा असा लिहिला: "दुष्काळात माणसे मरतात ती धान्य नसल्यामुळे कमी आणि ते विकत घेण्याची ऐपत गेल्यामुळे जास्त, म्हणून दुष्काळाशी लढण्याचे पहिले साधन म्हणजे मजुरी देणारे काम." त्यानंतरचा एक परिच्छेद जसाच्या तसा देते:

> १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. शेतकरी हवालदिल झाले. जनावरांचे हाल झाले. सरकारने रोजगार हमी कायदा करून लाखो लोकांना काम दिले. अमर्त्य सेन यांनी दुष्काळांचा सखोल अभ्यास केला आहे. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो लोक मरण पावले. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. अशा प्रकारे दुष्काळात रोजगाराला अनन्यसाधारण महत्त्व आहे.

तपासणाऱ्यांनी शेरा दिला: "माहिती ठीक. मुद्दा कुठे आहे? विश्लेषण नाही. दुवा नाही." मुद्दा, पुरावा, विश्लेषण, दुवा ही चौकट मला पाठ आहे. माझ्या मते शेवटचं वाक्य हा दुवाच आहे. मग तो दिसत का नाही? कृपया वाक्यावाक्याने सांगा.

---

झटपट_नोट्स

सोपं आहे. एक वाक्य मुद्द्याचं, दोन पुराव्याची, दोन विश्लेषणाची, एक दुव्याचं. सहा वाक्यं, सव्वाशे शब्द. असे सात-आठ परिच्छेद झाले की निबंध पूर्ण. आणि आकडे टाका, तुमच्या परिच्छेदात सालं सोडून एकही आकडा नाही. परीक्षकाला आकडा दिसला की गुण मिळतात. मी प्रत्येक परिच्छेदात किमान तीन आकडे घालतो.

---

मोडीवाचक

मी बरीच वर्षं एका मार्गदर्शन वर्गात निबंध तपासतो. तुमचा परिच्छेद नमुनेदार आहे, या अर्थाने की दहातल्या सात वह्यांत असाच परिच्छेद असतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं वाक्य घ्या. "१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला." यावर कोणाचं दुमत होईल? कोणाचंच नाही. ज्यावर दुमतच शक्य नाही ते वाक्य परिच्छेदाचं नेतृत्व करू शकत नाही, कारण त्याला सिद्ध करण्यासारखं काही नसतं. मी मुलांना सांगतो, पहिल्या वाक्याच्या आधी "माझं म्हणणं असं की" हे शब्द लावून मोठ्याने वाचा. "माझं म्हणणं असं की १९७२ साली दुष्काळ पडला" हे कानाला खटकतं. आता हे वाचा: "माझं म्हणणं असं की १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात पीक बुडूनही मोठी उपासमार टळली, ती मुख्यतः सरकारने दिलेल्या मजुरीमुळे." हे बसतं, कारण समोरचा लगेच विचारू शकतो, "कशावरून? रेशनच्या धान्यामुळे टळली नसेल कशावरून?" तो प्रश्न निर्माण झाला की परिच्छेदाला काम मिळालं.

आता उरलेल्या वाक्यांकडे बघा. हवालदिल शेतकरी, जनावरं, सेन, बंगाल, २००५चा कायदा. ही सगळी एकाच विषयाची आहेत, पण एकाच मुद्द्याची नाहीत. पडताळा असा: तुमचं दुसरं, पाचवं आणि सातवं वाक्य खोडून टाका. परिच्छेदाचं काही बिघडलं का? नाही बिघडलं. म्हणजे ती वाक्यं कशाचाही भार उचलत नव्हती.

शेवटच्या वाक्याची गोष्ट तीच. "अशा प्रकारे दुष्काळात रोजगाराला अनन्यसाधारण महत्त्व आहे" हे वाक्य उचलून निबंधातल्या दुसऱ्या कुठल्याही परिच्छेदाखाली ठेवा, तिथेही तितकंच शोभेल. याच परिच्छेदातून निघणारं आणि दुसरीकडे हलवता न येणारं वाक्य असेल तर तो दुवा. तुमचं वाक्य सगळीकडे चालतं, म्हणून तपासणाऱ्याला ते दिसलं नाही.

झटपट_नोट्स, शब्दसंख्येचा तुमचा अंदाज योग्य आहे. वाक्यांची वाटणी मात्र मी तशी ठरवून देणार नाही. पुरावा कधी एका वाक्यात मावतो आणि विश्लेषणाला चार लागतात. आणि तीन आकडे टाकले पण ते काय दाखवतात हे सांगितलं नाही, तर परीक्षकाला फक्त पाठांतर दिसतं.

---

आकडेमोड

मोडीवाचकांच्या रचनेच्या सल्ल्याशी सहमत. पण त्याआधी पुरावाच दुरुस्त करायला हवा. "सरकारने रोजगार हमी कायदा करून लाखो लोकांना काम दिले" हे १९७२ बद्दल लिहिता येणार नाही. हमीचा कायदा १९७७चा आणि तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ला. कल्पना जुनी आहे, वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरला १९६९च्या सुमारास त्याचा प्रयोग केला होता. पण ७२-७३ मध्ये माणसं ज्या कामांवर गेली ती दुष्काळी कामं होती, म्हणजे टंचाई निवारणाची. मे १९७३ मध्ये त्यांवर सुमारे ५० लाख माणसं होती. तुम्हाला हवा असलेला आकडा हाच, आणि तो एकटा पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट, "मोठी उपासमार टळली" हे शब्द जपून वापरा. त्या वर्षांत मृत्यू वाढलेच नाहीत असं म्हणता येत नाही. मृत्युदर काही प्रमाणात वाढला होता असं लोकसंख्येच्या काही अभ्यासकांनी दाखवलं आहे. १९४३च्या बंगालशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही, तिथे मृतांचा अंदाज वीस लाखांपासून अडतीस लाखांपर्यंत जातो. पण "कोणी मेलं नाही" आणि "बंगालसारखं झालं नाही" या दोन वाक्यांत बरंच अंतर आहे. पुरावा दुसऱ्या वाक्याला आधार देतो, पहिल्याला नाही. पुरावा जेवढं पेलतो तेवढंच पहिलं वाक्य मोठं असावं.

---

टेम्सकाठ

छान चर्चा. माझी लेक इथे इंग्लंडमध्ये दहावीत आहे. त्यांना शाळेत हेच शिकवतात: मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण, दुवा. पण तिच्या शिक्षिका म्हणतात की अवतरण दोन-चार शब्दांचंच घ्या आणि मग लेखकाने तोच शब्द का निवडला ते लिहा. ती नाटकातली सहा-सहा ओळींची अवतरणं देते आणि पुढे "यावरून पात्र दुःखी आहे हे दिसते" असं लिहून मोकळी होते. तिला हा धागा वाचायला देऊ का? ५० लाख वगैरे आकड्यांऐवजी तिने काय वापरायचं?

---

मोडीवाचक

टेम्सकाठ, हा धागा इतिहास-अर्थकारणाच्या निबंधाचा आहे, तिच्या पेपरात पुरावा म्हणजे नाटकातले शब्दच. तिच्या शिक्षिका योग्य सांगताहेत. सहा ओळींतून तिला नेमका कुठला शब्द बोलका वाटला ते आधी विचारा आणि तेवढाच ठेवायला सांगा. "दुःखी आहे" हे तर वाचणाऱ्याला ओळींतूनच कळतं; दुःख लपवायला ते पात्र कुठले शब्द वापरतं, हे सांगितलं तर ते विश्लेषण.

आता रानवाटा, तुमच्या मूळ अडचणीकडे. आकडेमोडांनी दिलेला आकडा पहिल्या वाक्यापुढे ठेवू:

> १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रातील पीक बुडूनही बंगालसारखी उपासमार झाली नाही, याचे मोठे कारण सरकारने दिलेली मजुरी हे होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती.

इथे थांबा आणि विचारा, दुसरं वाक्य पहिल्याला सिद्ध करतं का? नाही करत. ५० लाख माणसं कामावर होती यावरून कामं मोठ्या प्रमाणावर निघाली एवढंच कळतं. त्या कामांमुळेच माणसं जगली हे त्यातून आपोआप निघत नाही. जगण्याचं कारण वेगळंही असू शकेल: रेशनचं धान्य, परदेशातून आलेली ज्वारी, मुंबईला गेलेल्या माणसांनी पाठवलेले पैसे. आकडा आणि दावा यांच्यामध्ये एक जागा रिकामी आहे, आणि तिथेच विश्लेषण लिहायचं असतं. बहुतेक वह्यांत ती जागा "यावरून स्पष्ट होते की" एवढ्याच शब्दांनी उडी मारून ओलांडलेली असते. हे शब्द लिहावेसे वाटले की समजावं, मधली पायरी राहिली.

मग मधली पायरी कोणती? मी असा विचार करतो. पीक बुडालं की शेतमजुराचं काय जातं? शेतकऱ्याचं धान्य जातं, पण मजुराची मजुरी जाते. पेरणी नाही, खुरपणी नाही, काढणी नाही, म्हणजे त्याला कोणी कामावर बोलावत नाही. बाजारात दुसरीकडून आलेलं धान्य असलं तरी त्याच्याकडे ते घ्यायला पैसा नसतो. दुष्काळी कामाने नेमकी हीच तुटलेली जागा जोडली. हे एक विश्लेषण झालं: पुराव्यातून दाव्यापर्यंत जायची वाट दाखवली.

दुसरं, जो आक्षेप सगळ्यात आधी येईल त्याला त्याच परिच्छेदात उत्तर द्यायचं. "रेशनमुळे वाचले" असं कोणी म्हणालं तर? रेशनचं धान्य लोकांच्या एकूण गरजेचा एक भागच भागवत होतं, बाकीचं बाजारातून घ्यावं लागत होतं. आणि रेशनच्या दुकानातही धान्य फुकट मिळत नव्हतं, तिथेही पैसे मोजावे लागत. म्हणजे हा आक्षेपसुद्धा शेवटी तुमच्याच मुद्द्याला येऊन मिळतो. दोन वाक्यांचं काम आहे. पण परीक्षकाला कळतं की या मुलीने दुसऱ्या बाजूने विचार करून पाहिलाय.

---

माणदेशी

मी आटपाडीकडचा. बहात्तर साली मी शाळेत होतो. आमची आई खडी फोडायला जायची, वडील पाझर तलावावर. शाळेत सुकडी मिळायची, आणि घरात ती लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, आई गरम पाण्यात पीठ मळायची तरी कड चिरायचीच. पगार आठवड्याला व्हायचा असं म्हणत, पण कैकदा मुकादम म्हणायचा माप झालं नाही, पुढच्या आठवड्याला या. मग वाण्याकडनं उधारी. पगार झाला की आधी वाण्याचे पैसे, मग बाजार.

रानवाटा ताई, हे असलं काही निबंधात लिहिता येतं का? का फक्त सरकारी आकडेच चालतात? आमच्यासारख्यांनी जे भोगलं ते पुस्तकात कुठे सापडणार?

---

झटपट_नोट्स

काका, परीक्षेत वैयक्तिक अनुभव चालत नाहीत. वस्तुनिष्ठ लिहावं लागतं.

---

मोडीवाचक

चालत नाहीत असं सरसकट नाही. निबंधाच्या पेपरात अनुभव आणला म्हणून कोणी गुण कापत नाही. त्याला किती भार द्यायचा हा प्रश्न आहे. माणदेशींच्या घरचा अनुभव एका घराचा आहे. "राज्यभर मजुरीमुळे माणसं जगली" हे त्यातून सिद्ध होणार नाही, ते काम ५० लाखांच्या आकड्याचं. पण मजुरी घरात आल्यावर पुढे काय व्हायचं हे आकडा सांगत नाही आणि माणदेशींच्या चार ओळी सांगतात: पगार, वाण्याची उधारी, मग बाजार. मी वर ज्याला मधली पायरी म्हणालो ती यात डोळ्यांसमोर दिसते. म्हणून आधी आकडा, मग अशा एका घराचं एक वाक्य, असा क्रम मला योग्य वाटतो. उलट्या क्रमाने लिहिलं तर एका घरावरून राज्याचा निष्कर्ष काढल्यासारखं होतं.

आणि माणदेशी, तुम्ही आणखी एक फार मोलाचं सांगितलंत. पगार वेळेवर होत नव्हता. हे रानवाटांच्या मुद्द्याच्या विरुद्ध जातं का? माझ्या मते त्याला धार आणतं. मजुरी उशिरा आली तर वाणी उधार देतो, पण तोही मजुरी येणार आहे या भरवशावरच देतो. हे वाक्य विश्लेषणात घेता आलं तर परिच्छेद एकदम वर जाईल.

---

ललित_वाचक

मला एक मूलभूत शंका आहे. प्रत्येक परिच्छेदाचा दावा पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचा ही सक्ती कशाला? मराठीत उत्तम वैचारिक गद्य लिहिणारे कितीतरी जण प्रसंगाने सुरुवात करतात, वाचकाला बरोबर घेऊन चालतात आणि मुद्दा परिच्छेदाच्या शेवटी उमलतो. कीर्तनात आख्यानातून निरूपणाकडे येतात तेही आपल्या कानांना सवयीचं आहे. सगळे परिच्छेद "माझं म्हणणं असं की" या साच्यातून काढले तर आठव्या परिच्छेदापर्यंत वाचणाऱ्याला कंटाळा येईल. माणदेशींच्या तुटणाऱ्या भाकरीने परिच्छेद सुरू झाला तर तो मी पुढे नक्की वाचेन.

---

मोडीवाचक

ललित_वाचक, वाचक म्हणून मला तुमचं पटतं. भाकरीने सुरू झालेला परिच्छेद मीही पुढे वाचेन. पण परीक्षक एका बैठकीत ढीगभर वह्या तपासतो. मुद्दा शेवटी येणार असेल तर तिथपर्यंतची वाक्यं तो कशासाठी वाचतोय हे त्याला माहीत नसतं, आणि माहीत नसताना वाचलेला पुरावा नुसती माहिती वाटतो. रानवाटांच्या बाबतीत हेच झालं.

मी मुलांना एक करून बघायला सांगतो. निबंध झाला की प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवून सलग वाचा. त्यातून निबंधाचा युक्तिवाद कळला पाहिजे. एखाद-दुसरा परिच्छेद प्रसंगाने सुरू झाला तर या कागदावर तेवढी फट दिसेल, आणि ती मुद्दाम ठेवलेली असेल तर हरकत नाही. सगळ्याच फटी असतील तर मात्र निबंध सैल आहे.

---

ललित_वाचक

म्हणजे परीक्षेसाठी एक गद्य आणि वाचकासाठी दुसरं. मला हे मान्य करायला जड जातं. जो मुलगा तीन वर्षं फक्त असे परिच्छेद लिहील, तो नंतर दुसरं काही लिहू शकेल का?

---

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. माणदेशी काका, तुमची परवानगी गृहीत धरून तुमच्या घरचं एक वाक्य घेतलंय, नाव-गाव न देता. नवा परिच्छेद:

> १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रातील पीक बुडाले, तरी १९४३ च्या बंगालसारखी उपासमार झाली नाही, आणि याचे मोठे कारण सरकारने कामावर दिलेली मजुरी हे होते. मे १९७३ मध्ये रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणे अशा दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पीक बुडते तेव्हा शेतमजुराचे नुसते धान्य जात नाही, तर ते विकत घेण्याचे साधनच जाते, कारण शेतात कामच उरत नाही; बाजारात धान्य आले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दुष्काळी कामाने हे साधन परत दिले. अनेक घरांत पगार झाला की आधी वाण्याची उधारी फिटे आणि मग बाजार होई; पगार लांबला तरी वाणी उधार देई, तो पगार येणार या भरवशावर. रेशनचे धान्य मोलाचे होते, पण ते गरजेचा एक भागच भागवी, आणि तेही पैसे मोजूनच घ्यावे लागे. मृत्यू अजिबात वाढले नाहीत असे नाही, पण पीक ज्या प्रमाणात गेले त्या प्रमाणात माणसे गेली नाहीत. पीक गेले ते पावसामुळे. त्यानंतर घरोघरी चूल पेटती राहिली ती मजुरीच्या निर्णयामुळे, आणि म्हणून दुष्काळाच्या तयारीत कामाची तरतूद धान्याच्या तरतुदीच्या बरोबरीने व्हायला हवी.

सेन, २००५ आणि जनावरं काढून टाकली. बंगालचं फक्त नाव ठेवलं. आता दुवा दिसतो का?

---

झटपट_नोट्स

छान झालाय, मान्य. पण बंगाल नुसतं नावापुरतं ठेवणं वाया घालवणं आहे. १९४३ मध्ये बंगालमध्ये १९४१ पेक्षा धान्य जास्त होतं, तरी माणसं मेली, हे सेन यांनी १९८१च्या पुस्तकात दाखवलं. इकडे धान्य नव्हतं आणि माणसं जगली, तिकडे धान्य होतं आणि माणसं मेली. दोन्ही एकाच परिच्छेदात समोरासमोर ठेवा, जबरदस्त होईल.

---

आकडेमोड

तुलना जोरदार आहे, पण त्या परिच्छेदात ती मावणार नाही. बंगालचं कारण सांगायचं तर युद्धकाळातली भाववाढ आली, आक्टोबर १९४२चं चक्रीवादळ आलं, आणि शेतमजूर, कोळी, वाहतूक करणारे यांची मजुरी भावाच्या मागे कशी पडली ते आलं. शिवाय १९४३मध्ये धान्याची उपलब्धता किती होती यावर सेन यांच्याशी वाद घालणारे अभ्यासक आहेत. एका वाक्यात उरकलं तर तो पुन्हा नुसता उल्लेख होईल. बंगालला स्वतंत्र परिच्छेद द्या आणि तो महाराष्ट्राच्या आधी ठेवा.

---

झटपट_नोट्स

आधी ठेवला तर तुलनेची मजा जाते. बंगाल हे एक वाक्य आणि महाराष्ट्र हे पाच, असंही करता येईल की. सगळे वाद उलगडायला आपण प्रबंध लिहीत नाही आहोत.

---

मोडीवाचक

हे दोन्ही प्रकारे लिहिलेले चांगले निबंध मी पाहिलेत, त्यामुळे यावर निवाडा देत नाही. दोन्ही लिहून बघा.

रानवाटा, परिच्छेद आता उभा राहिला. दुवा दिसतो, आणि तो दुसऱ्या परिच्छेदाखाली हलवता येणार नाही, कारण त्यात पीक, पाऊस आणि मजुरी यांचा या परिच्छेदात झालेला हिशोब आहे. "घरोघरी चूल पेटती राहिली" मात्र काढा. पगार लांबल्याचं तुम्हीच वर लिहिलंय आणि मृत्यू वाढल्याचंही, त्यामुळे "घरोघरी" हे तुमच्याच पुराव्याच्या पुढे जातं. "बहुतेक घरे तगली" एवढं पुरे.

आता एका गोष्टीकडे तुमचं लक्ष गेलंय का बघा. प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंत, कामाची मजुरी हे "पहिले साधन". इथे दुव्यात लिहिलंत, धान्याच्या तरतुदीच्या "बरोबरीने". हे दोन वेगळे दावे आहेत. पुरावा प्रामाणिकपणे मांडताना तुमचा मध्यवर्ती मुद्दाच थोडा खाली आला. हे चांगलं झालं, दुवा लिहिताना नेमकं हेच उघडं पडतं. पण आता प्रस्तावना आणि परिच्छेद एकमेकांशी जुळत नाहीत. एकतर प्रस्तावना "बरोबरीने" अशी करा, किंवा या परिच्छेदात मजुरी पहिली का, हे दाखवणारा पुरावा आणा.

---

आकडेमोड

मी प्रस्तावना बदलेन. मजुरी पहिली म्हटलं की लगेच प्रश्न येतो: म्हातारी माणसं, आजारी, बाळंतीण, ज्यांना खडी फोडताच येत नाही त्यांचं काय? त्यांना मजुरी पोहोचत नाही, धान्यच पोहोचवावं लागतं.

---

माणदेशी

आमची आजी घरीच होती. तिला आईच्या पगारातनंच मिळायचं. घरात कमावतं कोणीच नसलेली म्हातारी माणसं होती गावात, त्यांचे हाल वेगळे. खुशाल लिहा ताई, परवानगी कसली.

---

रानवाटा

काका, धन्यवाद. मोडीवाचक, खरं सांगते, "पहिले" हा शब्द मला सोडवत नाही, कारण तो काढला की निबंधाचा मुद्दा मवाळ वाटतो. कमावतं कोणी नसलेल्या घरांवर पुढचा परिच्छेद लिहून बघते: "मजुरी पहिली, पण एकटी पुरेशी नाही" अशा पहिल्या वाक्याने. ते वाक्य पेललं तर प्रस्तावना आहे तशी राहील. नाही पेललं तर बदलेन. रविवारपर्यंत इथेच टाकते. त्यात बंगाल आधी आणि बंगाल आतमध्ये अशी दोन्ही रूपंही देईन, दोघांनीही वाचून सांगा.

---

झटपट_नोट्स

टाका. पण घड्याळ लावून लिहा. दीड तासात अख्खा निबंध बसवायचाय, म्हणजे एका परिच्छेदाला दहा मिनिटांच्या आसपासच मिळतात. इतका विचार तिथे करायला वेळ नसतो.

---

मोडीवाचक

म्हणूनच पहिली पंधरा-वीस मिनिटं काही न लिहिता कच्च्या पानावर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य मांडायचं. "पहिले" आणि "बरोबरीने" ही गफलत तिथेच सापडते, खोडायला दोन शब्दच असतात. रविवारी घड्याळ लावूनच लिहा, रानवाटा, आणि कच्चं पानही टाका. परिच्छेदाच्या आधी मला ते वाचायचंय.